अडीच ते आठ

मी साधारण दोनशे खाटांच्या एका रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप ही माझी मुख्य कामं. औषधांचे फ्रिज माझ्याकडे आले ते कुणालाच नको होते म्हणून. फार्मसी म्हणायची, यंत्र आहे, इंजिनिअरचं. मेंटेनन्सवाले म्हणायचे, आत औषधं आहेत, फार्मसीचं. शेवटी फ्रिजच्या बाहेर लावलेला तापमानाचा डबा माझ्या नावावर चढला आणि त्याच्यामागून फ्रिजही आले.

गेल्या हिवाळ्यात मी सगळ्या वॉर्डांना एक मेल पाठवला. तो असा होता :

«विषय : औषधांच्या फ्रिजचे अलार्म, सोमवारपासून बदल

सर्व इनचार्ज सिस्टर आणि ड्यूटीवरचा स्टाफ,

सोमवारपासून वॉर्ड, आयसीयू आणि कॅज्युअल्टीमधल्या औषधांच्या फ्रिजचा अलार्म दोनच वेळा वाजेल. तापमान ८ अंशांच्या वर जाऊन सलग १५ मिनिटं तिथेच राहिलं तर, किंवा २.५ अंशांच्या खाली जाऊन सलग ५ मिनिटं तिथेच राहिलं तर. दार एका मिनिटापेक्षा जास्त उघडं राहिलं तर नुसती टिकटिक होईल, तो अलार्म नाही.

बटण दाबल्यावर आवाज ३० मिनिटं थांबेल. तापमान जागेवर आलं नसेल तर पुन्हा वाजेल.

मधल्या कप्प्यात एक छोटी बाटली आहे आणि तिच्यात वायर गेलेली आहे. ते औषध नाही. बाटली हलवू नये, फेकू नये.

अलार्म वाजला की आधी आकडा वाचून वहीत लिहावा, मग बटण दाबावं. औषधं फेकू नयेत आणि वापरूही नयेत. फार्मसीला विचारावं.»

दुपारपर्यंत मेडिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांचा फोन आला. त्यांची नोकरी माझ्या वयाच्या आसपास आहे, त्यामुळे त्या मला ‘सर’ म्हणतात ते केवळ रीत म्हणून. त्या म्हणाल्या, “सर, आधी दोन ते आठ होतं. आता खालचं अडीच केलंत, म्हणजे घट्ट केलंत. वरचं आठच ठेवलंत, पण त्याला पंधरा मिनिटं सूट दिलीत. एकीकडे आवळलं, एकीकडे सोडलं. असं का?”

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. त्याचं उत्तर द्यायला मला त्यांच्याच वॉर्डातल्या वहीपासून सुरुवात करावी लागली.

पूर्वीची व्यवस्था सोपी होती. फ्रिजच्या आत हवेत लोंबकळणारा एक सेन्सर, बाहेर भिंतीवर आकडा दाखवणारा डबा. दोनच्या खाली किंवा आठच्या वर आकडा गेला की त्याच क्षणी कर्कश आवाज. कागदावर यात खोट काढायला जागा नाही, कारण इन्सुलिनच्या खोक्यावरही ‘२ ते ८ अंश’ असंच छापलेलं असतं. पण डब्याच्या मेमरीतल्या नोंदी मी उतरवून घेतल्या तेव्हा एक गंमत दिसली. वरच्या बाजूचे बहुतेक अलार्म सकाळी साडेसात, दुपारी साडेबारा आणि रात्री साडेसात-आठच्या आसपास होते. फ्रिज घड्याळ बघून बिघडत नाही. या वेळा रुग्णांच्या खाण्याच्या होत्या. खाण्याआधी इन्सुलिन द्यायचं असतं, म्हणून त्या सुमाराला सिस्टर फ्रिज उघडून एकेक व्हायल शोधत होत्या. दार उघडलं की थंड हवा जड असल्यामुळे खालून ओसंडून बाहेर पडते आणि वॉर्डातली गरम हवा वरून आत शिरते. एक-दोन मिनिटांत आतल्या हवेचा आकडा पंधराच्याही पुढे जातो. डबा बोंब मारतो. दार लावलं की पाच-सात मिनिटांत सगळं पूर्ववत.

एवढ्या वेळात औषधाचं काय होतं? जवळजवळ काही नाही. काचेच्या व्हायलमधलं पाणी हवेइतकं चपळ नसतं. फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली तर ती दोन मिनिटांत कोमट होत नाही, हे कुणालाही ठाऊक आहे. डबा जे तापमान सांगत होता ते हवेचं होतं. आपल्याला हवं होतं ते औषधाचं.

दिवसातून आठ-दहा वेळा विनाकारण ओरडणाऱ्या डब्याशी माणूस जे करतो तेच आमच्याकडे झालं. आवाज आला की हात आपोआप बटणावर. एका वॉर्डात तर बझरच्या भोकांवर मायक्रोपोअरची पट्टी चिकटवलेली सापडली, तीही दुहेरी. मी रागावलो नाही. आयसीयूत एकाच वेळी चार मॉनिटर आणि दोन पंप वाजत असताना, काही झालेलं नसताना ओरडणारा सातवा आवाज मीही असाच बंद केला असता.

मग जानेवारीतली ती रात्र आली. त्या वॉर्डात औषधांसाठी जुना घरगुती फ्रिज होता, आकड्यांची चकती असलेला. मे महिन्यात कुणीतरी चकती सहावर फिरवली होती, आणि तेव्हा ते बरोबरही होतं. बाहेर चाळीस अंश असताना फ्रिजला आत शिरणाऱ्या उष्णतेशी सतत झगडावं लागतं. जानेवारीत पहाटे वॉर्डच सतरा-अठरा अंशांवर आला. आत शिरणारी उष्णता कमी झाली, चकती मात्र सहावरच होती. अशा फ्रिजमधला थर्मोस्टॅट औषधांचं तापमान पाहत नाही. तो गार होणाऱ्या पत्र्याचं तापमान पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. बाहेर थंडी असली की कप्प्याचं तापमान त्या पत्र्याच्या जवळ जवळ सरकू लागतं. पहाटे तीननंतर आकडा दोनच्या खाली गेला. डबा वाजला. सिस्टरने बटण दाबलं. जुन्या डब्याची रीत अशी, की एकदा गप्प केला की तापमान परत मर्यादेत येईपर्यंत तो गप्पच. त्यामुळे पाचच्या सुमाराला आकडा शून्याच्याही खाली गेला तेव्हा सांगायला कुणी उरलं नव्हतं.

सकाळच्या पाळीतल्या सिस्टरमुळे ते उघड झालं. ‘थर्टी-सेव्हंटी’ म्हणून जे मिश्र इन्सुलिन आपल्याकडे खूप वापरलं जातं, त्यातला एक भाग पारदर्शक आणि दुसरा पांढरट, बारीक कणांचा असतो. देण्याआधी व्हायल दोन्ही तळव्यांत हळूहळू घोळवायची, म्हणजे सगळं दुधासारखं एकजीव होतं. त्या सकाळी व्हायल घोळवूनही दूध होईना. पांढऱ्या गुठळ्या काचेला चिकटून बसल्या होत्या. सिस्टरने दुसरी व्हायल घेतली, तिचंही तेच. ते इन्सुलिन कुणाला दिलं गेलं नाही. सगळा साठा बाजूला निघाला. त्याच फ्रिजमधल्या धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीच्या लसीही गेल्या.

यातला पुढचा मुद्दा समजला की मेलमधला सगळा हिशेब सुटतो. गरम होणं आणि गोठणं ही एकाच बिघाडाची दोन टोकं आहेत, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत.

उष्णता औषधाला झिजवते. आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात ते अॅट्राक्युरियम घ्या, स्नायू सैल करणारं इंजेक्शन. फ्रिजमध्ये पाच अंशांवर ठेवलं तरी ते वर्षाला सुमारे सहा टक्के ताकद गमावतं. पंचवीस अंशांवर ठेवलं तर महिन्याला सुमारे पाच टक्के. म्हणजे वेग दसपट झाला, पण तरीही महिन्याला पाच टक्केच. अर्धा तास दार उघडं राहिलं आणि व्हायल दहा अंशांवर गेली, तर जे जातं ते मोजण्यापलीकडचं असतं. गेलेलं परत येत नाही हे खरं, पण ते थेंबाथेंबाने जातं आणि आपल्याला धावायला वेळ मिळतो.

गोठण्याचं तसं नाही. तिथे एक उंबरठा असतो. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीच्या लसींमध्ये औषधाचा अंश अॅल्युमिनियमच्या क्षाराच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवलेला असतो. पाण्याचा बर्फ होऊ लागला की बर्फाचे स्फटिक या कणांना कोपऱ्यात ढकलत एकमेकांवर दाबतात आणि त्यांची ढेकळं होतात. बर्फ वितळला तरी ढेकळं पुन्हा सुटी होत नाहीत. पांढऱ्या इन्सुलिनच्या कणांचंही असंच होतं. एकदा गोठलं की संपलं, मग ते दहा मिनिटं गोठलेलं असो की दहा तास.

त्यात आणखी एक खोड. पाणी शून्यावर गोठतं हे शाळेतलं वाक्य बाटलीतलं पाणी नेहमी पाळत नाही. विरघळलेल्या क्षारांमुळे लसीचा गोठणबिंदू शून्याच्या अर्धा अंश खाली असतो. स्वच्छ, न हललेली व्हायल तर त्याहूनही खाली जाऊन द्रवच राहू शकते आणि एखाद्या धक्क्याने क्षणात गोठते. म्हणून एकाच खोक्यातल्या शेजारच्या दोन व्हायलपैकी एक वाचते आणि एक जाते. कोणती ते पाहून सांगता येतंच असं नाही. पांढऱ्या इन्सुलिनने निदान गुठळ्या दाखवल्या. पारदर्शक इन्सुलिन गोठून वितळल्यावर पूर्वीसारखंच नितळ दिसू शकतं. ‘सर, चांगलं दिसतंय की’ हे वाक्य मी त्या दिवशी तीनदा ऐकलं.

लसीच्या बाबतीत गोठणं ओळखायची एक साधी परीक्षा आहे, आणि ती मला फार आवडते. त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम पूर्ण गोठवायची आणि वितळवायची. मग ती आणि संशयित व्हायल एकाच हातात धरून सारखीच हलवायची आणि शेजारी शेजारी ठेवायची. गोठलेल्या लसीतली ढेकळं जड असल्यामुळे भराभर तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी दिसू लागतं. न गोठलेली लस बराच वेळ गढूळ राहते. अर्ध्या तासात फरक कळतो. पण ही परीक्षा फक्त अॅल्युमिनियम असलेल्या लसींना लागू पडते, इन्सुलिनला नाही. आणि ती शिकलेल्या माणसानेच करायची असते. म्हणून वॉर्डात ती करायला मी सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने लसींच्या फ्रिजमध्ये ठेवायच्या तीस दिवसांच्या तापमान-नोंदयंत्रासाठी ज्या मर्यादा घालून दिल्या आहेत, त्यांतही हा फरक दिसतो. उष्णतेचा अलार्म : आठच्या वर सलग दहा तास. गोठण्याचा अलार्म : उणे अर्ध्या अंशाच्या खाली सलग एक तास. दोन बाजूंना दोन वेगळी मापं. हे इनचार्ज सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच पकडलं, “मग आपल्याला पंधरा मिनिटं आणि पाच मिनिटं कशाला? दहा तास ठेवा, झोप तरी लागेल.”

इथे दोन प्रकारच्या अलार्मांमधला फरक समजून घ्यावा लागतो. ते यंत्र दुर्गम आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमध्ये असतं आणि तिथला कर्मचारी दिवसातून दोनदा ते बघतो. त्याचा अलार्म म्हणजे एक प्रकारे निकाल असतो : या लसींना झळ बसली असावी, तपासा. वॉर्डातला अलार्म म्हणजे हाक आहे. कुणीतरी चार पावलांवर आहे आणि येऊन दार लावू शकतं, म्हणून ती नुकसान व्हायच्या आधी यायला हवी. मात्र आधी म्हणजे किती आधी, हे ठरवताना खोटी हाक किती चालेल याचाही विचार करावा लागतो. माझं सगळं काम त्या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं एवढंच होतं.

पहिला बदल आकड्यांत केलाच नाही, सेन्सरच्या जागेत केला. हवेत लोंबकळणारा सेन्सर काढून ग्लिसरीन भरलेल्या वीस मिलिलिटरच्या बाटलीत घातला. ग्लिसरीनच का? ते फ्रिजमध्ये गोठत नाही, सहजासहजी सडत नाही, वाळत नाही, आणि औषधाच्या व्हायलसारखंच सावकाश तापतं नि सावकाश निवतं. ही बाटली म्हणजे औषधांमध्ये बसवलेला आपला हेर. तिला जे वाटतं तेच आसपासच्या व्हायलना वाटत असतं. इन्सुलिनच्या वेळी दार तीन मिनिटं उघडं राहिलं आणि हवा अठरा अंशांवर गेली, तरी बाटलीतला आकडा पाचावरून जेमतेम सव्वासहापर्यंत चढतो. दार लागलं की उतरतो. खाण्याच्या वेळांचे अलार्म या एका बाटलीने संपले, मर्यादा एका दशांशानेही न हलवता.

पण मग खरोखर दार उघडं राहिलं तर? पहाटे दोनला खोकं नीट आत न सरकल्यामुळे दाराचं रबर टेकलंच नाही, असं धरा. दाराची टिकटिक व्हायला हवी, पण ती दाराच्या बटणावर अवलंबून असते आणि रबराला बोटभर फट राहिली तर ते बटण दाबलेलंच राहतं. त्यामुळे टिकटिक होत नाही. आतली हवा हळूहळू तेरा अंशांवर येऊन थांबते. बाटलीतलं तापमान पाचावरून निघून साधारण पंधरा मिनिटांत आठला पोचतं. तिथून आणखी पंधरा मिनिटं थांबून अलार्म वाजतो. म्हणजे फट पडल्यापासून अर्धा तास झाला, आणि त्या वेळी बाटली दहा अंशांच्या आसपास असते. मोठ्या खोक्याच्या पोटातल्या व्हायल त्याहूनही गार. सिस्टर येतात, खोकं आत सरकवतात, दार लागतं. अॅट्राक्युरियमचा महिन्याला पाच टक्क्यांचा हिशेब आठवा. अर्धा तास दहा अंशांवर म्हणजे किरकोळीतलं किरकोळ. पंधरा मिनिटांची सूट मी अशी तपासून दिली.

“मग मर्यादाच दहा करा ना,” हेही कुणीतरी म्हणालंच. ते मी केलं नाही. आठ हा आकडा माझा नाही, औषध बनवणाऱ्याचा आहे. खोक्यावरची मुदत त्या आकड्यावर बेतलेली असते. वेळ द्यायची मला मुभा आहे, रेघ पुसायची नाही. शिवाय मर्यादा दहा केली तर साडेनऊवर महिनाभर रखडणारा अशक्त फ्रिज कधीच बोलणार नाही, आणि तोच खरा धोका आहे.

यालाच जोडून एक हुशार प्रश्न येतो. “उघडलेलं इन्सुलिन आम्ही चार आठवडे बाहेरच वापरतो. मग दोन तास बाहेर राहिलं तर एवढं काय?” बरोबर आहे, बहुतेक इन्सुलिन वापरात घेतल्यावर खोलीच्या तापमानाला चार आठवडे चालतं. पण ते चार आठवडे म्हणजे एकदाच मिळणारी शिल्लक आहे. न उघडलेल्या व्हायलने त्यातला काही भाग फ्रिज बिघडलेल्या रात्री खर्च केला, तर तो कुठेही नोंदला जात नाही आणि नंतर वापरणारा पुन्हा पूर्ण चार आठवडे मोजतो. अॅट्राक्युरियमच्या माहितीपत्रकात तर स्पष्ट असतं की एकदा फ्रिजबाहेर काढलं की चौदा दिवसांत वापरा, परत फ्रिजमध्ये ठेवलं तरीही. पुन्हा गार केल्याने घड्याळ मागे फिरत नाही. म्हणून अलार्मनंतर आकडा वहीत लिहायचा आग्रह. पुढे फार्मासिस्टला औषध ठेवायचं की काढायचं हे ठरवायचं असतं, आणि किती तापमान, किती वेळ या दोन गोष्टींशिवाय ते ठरवता येत नाही.

आता अडीचचा हिशेब. त्यासाठी मी एका फ्रिजमध्ये नऊ छोटी नोंदयंत्रं चोवीस तास ठेवली : वर, मधे, खाली, आणि प्रत्येक कप्प्यात पुढे, मधे, मागे. फ्रिजच्या आत एकच तापमान असतं हा माझाही समज होता, पूर्ण नसला तरी थोडाफार. मधल्या कप्प्याच्या मध्यावर साडेचार अंश असताना खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीला टेकून अडीच होते. दोन अंशांचा फरक! आणि खोकी नेहमी मागच्या भिंतीला टेकवूनच रचलेली असतात, कारण तशी जास्त मावतात.

हेर मात्र मधल्या कप्प्यात बसलेला. त्याला दोन अंश वाटत असतील तेव्हा मागच्या कोपऱ्यात शून्य असणार. सेन्सरची स्वतःची चूक शून्य पूर्णांक तीन अंशांपर्यंत धरली, तर त्या कोपऱ्यात उणे शून्य पूर्णांक तीनही असू शकतं. म्हणजे अलार्म वाजेपर्यंत आपण उंबरठ्याला टेकलेलो असतो. मर्यादा अडीच केली की वाईटात वाईट धरूनही तो कोपरा शून्याच्या किंचित वर राहतो आणि सिस्टरला चालत येण्याइतका अवधी मिळतो. अर्धा अंश एवढ्यासाठी. तीन का नाही? कारण आमचे काही फ्रिज पहाटे निरोगी असतानाही तीनपर्यंत उतरतात, आणि मग मी पुन्हा खोट्या हाकांच्या घरात शिरलो असतो. त्याच वेळी सगळ्या फ्रिजचं नेमलेलं तापमान पाचावर आणलं आणि खोकी व मागची भिंत यांत चार बोटं जागा सोडायला सांगितली. खरं सांगायचं तर या चार बोटांनी अलार्मपेक्षा जास्त काम केलं असेल.

गारठ्याच्या बाजूला थांबायची मुदत पाचच मिनिटं आहे, कारण बाटली स्वतःच सावकाश निवते. तिच्यात अडीच दिसेपर्यंत हवा त्याहून खाली गेलेली असते. ती पाच मिनिटं फक्त विजेच्या एखाद्या झटक्याने आकडा उडाला तर तो गाळायला आहेत.

आकडे एवढे बारीक धरायचे तर सेन्सर खरं बोलतो हे कसं कळणार? दर वर्षी ते बाहेर तपासून येतात, पण मधल्या काळात मी एक घरगुती युक्ती वापरतो. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ भरायचा, त्यात बर्फ बुडेल एवढंच स्वच्छ पाणी घालायचं, ढवळायचं आणि पाच मिनिटांनी सेन्सर आत सोडायचा. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तिथे शून्यच असतं. ते बिघडत नाही आणि त्याचं बिलही येत नाही. सेन्सरने शून्य पूर्णांक एक किंवा दोन दाखवलं तर ठीक. शून्य पूर्णांक आठ दाखवलं तर त्याचा ‘अडीच’ म्हणजे खरा एक पूर्णांक सात आहे, तो काढून टाकायचा. ही परीक्षा मी मुद्दाम वॉर्डातच, सिस्टरांच्या टेबलावर करतो. एकदा एका स्टुडंट नर्सने विचारलं, “सर, मीठ नको घालायला?” मी म्हटलं, अजिबात नको, मीठ घातलं की ते आइस्क्रीमचं भांडं होतं आणि शून्याच्या बरंच खाली जातं.

अलार्म न वाजताही चुकू शकतं अशा जागा राहतातच. आयसीयूत एकदा फ्रिजचा प्लग काढून तिथे मोबाइलचा चार्जर लावलेला होता. डब्याला बॅटरी होती म्हणून निदान तो बोलला. कधी बाटली अडचण होते म्हणून कुणी ती दाराच्या कप्प्यात ठेवतं. तिथे ती दोन अंश जास्त सांगते, आणि तिला अडीच वाटेपर्यंत मागचा कोपरा गोठून गेलेला असतो. म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी आहे. घरी इन्सुलिन ठेवणाऱ्यांकडे तर अलार्म नसतोच. त्यांनी फ्रीझरच्या खालच्या ट्रेत आणि मागच्या भिंतीला टेकवून व्हायल ठेवू नये, एवढं केलं तरी पुष्कळ.

सोमवारी नव्या मर्यादा लागू झाल्या. पहिल्या रात्री एकच अलार्म वाजला, कॅज्युअल्टीत, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी, आणि तो खरा होता. दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं निघालं. आकडा वहीत लिहिलेला होता : नऊ पूर्णांक चार. औषधं एका पिशवीत भरून ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी लावून शेजारच्या वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवलेली होती. सगळं मेलप्रमाणे. फक्त फार्मसीला कळवलेलं नव्हतं. मी ब्रदरना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, “सर, फार्मसी रात्री दहाला बंद होते. तीन वाजता कुणाला फोन करायचा ते तुमच्या मेलमध्ये लिहिलेलं नाही.”

त्याच दिवशी दुसरा मेल गेला. त्यात दोनच ओळी होत्या : रात्री दहानंतर ड्यूटीवरच्या फार्मासिस्टचा एक्स्टेन्शन नंबर, आणि त्यांनी उचलला नाही तर माझा मोबाइल.